रूम पार्टनरच्या मेसेजमधला टोमणा कसा काढायचा: कोरड्या टाकीचं एक उदाहरण

रूमवर कुणाचं तरी काम राहून जातं. आपल्याला राग येतो, समोरासमोर बोलायचं जिवावर येतं, मग आपण मोबाइल काढतो आणि टोमणा टाइप करतो. पुढचं भांडण नको म्हणून काहीजण तो टोमणा काढायलाही बघतात, पण नेमका चुकीच्या पद्धतीनं. कुणी टोमण्याच्या जागी तहसीलची नोटीस लिहितं. कुणी इतकं गोड लिहितं की काम कोणतं तेच वाचणाऱ्याला कळत नाही. आणि बहुतेकजण सगळा मेसेज सरळ लिहून शेवटी एक बारीक शेपूट ठेवतात. सगळा डंख त्या शेपटात असतो.

खाली जो क्रम दिलाय तो एकाच उदाहरणावर चालवून दाखवतो. उदाहरण माझंच आहे, आणि त्यात चूकही माझीच होती.

छत्रपती संभाजीनगरात आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहत होतो. आमच्या लाईनला तेव्हा आठव्या दिवशी पाणी यायचं. नळाचं पाणी खालच्या हौदात पडायचं, हौद तीन भाडेकरूंचा. प्रत्येकानं आपापल्या वेळेला मोटर लावायची आणि वरची आपली हजार लिटरची टाकी भरून घ्यायची. आमची वेळ पहाटे चार ते साडेचार. हजार लिटर, तीन माणसं, आठ दिवस, म्हणजे माणशी रोजचे साधारण चाळीस लिटरच. त्या खेपेला मोटर लावायची पाळी वाळूजला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पार्टनरची होती. सकाळी सातला मी नळ सोडला तर नळानं नुसतं फुस्स केलं. मी तिघांच्या ग्रुपवर टाकलं:

> वा साहेब! आपण झोपा निवांत. टाकी काय, इंद्रदेव येऊन भरून देतीलच. आम्ही आहोतच आपल्या सेवेला 🙏

त्यानंतर अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. आता हाच मेसेज टप्प्याटप्प्यानं दुरुस्त करू.

## टप्पा १: टोमणा पूर्ण लिहा, पण त्या चॅटमध्ये नाही

राग गिळून थेट 'चांगला' मेसेज लिहायला बसू नका. गिळलेला राग शेवटच्या ओळीत बाहेर येतो. आधी मनात आलेला टोमणा जसाच्या तसा लिहून काढा, कारण पुढच्या टप्प्यांचा कच्चा माल तोच आहे. फक्त जागा बदला. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. पार्टनरची चॅट उघडी ठेवून तिथंच मसुदा करत बसलात तर एखाद्या क्षणी अंगठा पडतोच.

थांबा: ग्रुपमध्ये तर अजिबात लिहू नका. माझ्या टोमण्याइतकंच टोचलं ते तिसऱ्या पार्टनरचं हसणं. तो एमपीएससीचा अभ्यास करायचा, त्यानं गंमत म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला, आणि दोघांनी मिळून एकाला धरल्यासारखं झालं.

## टप्पा २: वर चढून टाकी बघा

म्हणजे खरोखरच बघा. टोमण्याला पुरावा लागत नाही, सरळ वाक्याला लागतो. झाकण उघडून पाणी किती आहे ते पाहा, शेजाऱ्याला विचारा पाणी किती वाजता आलं, पाळी कुणाची होती ते भिंतीवरच्या कागदावर बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मी ते केलं नाही. केलं असतं तर खालच्या काकूंनी सांगितलं असतं की पावणेचार ते पाच लाईटच नव्हती. आमचा पार्टनर गजर लावून उठला होता, अंधारात हौदापाशी उभा राहिला होता. लाईट आली तोवर आमची वेळ संपलेली, आणि ती येताच पुढच्या भाडेकरूनं मोटर लावून हौद उपसायला घेतला. आमचा पार्टनर वर येऊन झोपला, आम्हाला सांगायचं राहून गेलं. त्याची चूक असलीच तर तेवढीच.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. सरळ मेसेजमध्ये माहिती चुकीची निघाली तर समोरचा ती दुरुस्त करतो: 'अरे, लाईट नव्हती.' विषय संपला. टोमण्यात माहिती चुकीची निघाली तर ती दुरुस्त करायला वाक्यच नसतं. 'इंद्रदेव भरून देतील' याला काय उत्तर देणार? एक तर त्यानं गप्प बसायचं, नाहीतर उलटा टोमणा हाणायचा.

तपासा: तुमच्या मेसेजमधल्या कोणत्या वाक्याला समोरचा 'हो, बरोबर' किंवा 'नाही, तसं नव्हतं' म्हणू शकतो? असं एकही वाक्य नसेल तर पुढे जाऊ नका, अजून माहितीच गोळा झालेली नाही.

## टप्पा ३: टोमण्याखालचं मागणं शोधा

टोमणा मारणाऱ्याला सहसा काहीतरी हवं असतं, पण ते तो मागत नाही. माझ्या मेसेजखाली तीन मागण्या होत्या. आज टँकर सांगायला सगळ्यांचा होकार हवा होता. पुढच्या पाण्याला असं होऊ नये असं वाटत होतं. आणि तिसरी, जी कबूल करायला मला वेळ लागला: त्यानं 'सॉरी' म्हणावं.

मेसेजमध्ये यातली एकच जाते, आणि ती आज करायची असते ती. पुढच्या पाळीचं बोलणं जेवताना समोर बसून होतं, ते मेसेजमध्ये घातलं की ठराव मांडल्यासारखं वाटतं. तिसरी मागणी तर मेसेजमध्ये येऊच देऊ नका. मागून मिळालेली माफी कुणालाच पुरत नाही, आणि ती मागतानाच निम्मे टोमणे तयार होतात.

मागणं क्रियापदात लिहून बघा. 'जबाबदारीनं वाग' यात करायचं काय ते नाही. 'सहाच्या आत होकार कळव' यात आहे.

## टप्पा ४: टोमण्याच्या खुणा खोडा

खरी मेहनत इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. मराठीत टोमणा बहुतेक वेळा शिवीतून येत नाही, मानातून येतो.

पहिली खूण, उसना मान. रोज ज्याला 'तू' म्हणता त्याला अचानक 'आपण', 'तुम्ही', 'साहेब', 'राजे', 'सरकार', 'मालक' म्हणणं. माझ्या मेसेजमध्ये 'साहेब', 'आपण' आणि 'आपल्या' होतं. एवढं काढलं तरी निम्मा डंख जातो. नियम सोपा आहे: काल चहा पिताना त्याला जे म्हणत होता तेच आज लिहा. रोज 'भाऊ' म्हणत असाल तर 'भाऊ' राहू द्या, एरवी म्हणत नसाल तर आजच नका आणू. पार्टनर वयानं मोठा असेल आणि तुम्ही त्याला 'दादा, तुम्ही' म्हणत असाल तर तो मान तसाच ठेवा. तिथं उलटी चूक होते, रागाच्या भरात 'दादा' गळतो आणि नुसतं 'तुम्ही' उरतं. ते वाचताना फार कोरडं लागतं.

दुसरी खूण, जागा चुकलेला 'का'. 'मोटर का लावली नाही?' हा जाब आहे. 'मोटर लावली होती का?' ही चौकशी आहे. शब्द जवळजवळ तेच, 'का' शेवटी गेला की आवाज खाली येतो. आपल्याकडचं 'कामून' तर लेखी मेसेजमध्ये फारच चढतं. 'कामून नाही लावली बे?' हे तोंडानं हसत म्हटलं तर चालून जातं, स्क्रीनवर हसू दिसत नाही.

याच घरातले उत्तर नको असलेले प्रश्न: 'एवढं जड जातं का?', 'कलेक्टर साहेबांना बोलवावं का आता?' यांची उत्तरं कुणालाच नको असतात. सरळ खोडा.

तिसरी खूण, चिकटणारे बारीक शब्द. 'तेवढं', 'निदान', 'एकदाचं', 'म्हणे', 'बरं का', 'नेहमीप्रमाणे', आणि शब्दाला लागलेला 'च'. 'टाकी भर' आणि 'निदान टाकी तेवढी भर' यांत पाणी सारखंच आहे, पण दुसऱ्या वाक्यात 'बाकी तू काहीच करत नाहीस' हे न लिहिता लिहिलंय. 'काही लोकांना', 'कुणीतरी' हेही यातच. तीन माणसांच्या रूमवर 'काही लोक' म्हणजे कोण ते शेंबड्या पोरालाही कळतं.

चौथी खूण, चित्रं. जोडलेले हात, टाळ्या, उलटा हसरा चेहरा. रागाच्या मेसेजमध्ये यांचा अर्थ उलटाच लागतो. रागात असताना एकही चित्र नको.

म्हणी आणि देवही यादीत धरा. 'शहाण्याला शब्दाचा मार' लिहिणारा माणूस समोरच्याला शहाणा समजत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. पाण्याबाबत तर आपल्या भागात थट्टा तशीही पचत नाही. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरात हंडा-बादलीचा हिशोब लहानपणापासून पाहिलाय, तिथल्या पोराला 'तुझ्यामुळं पाणी गेलं' हे साध्या विसराळूपणापेक्षा मोठं वाटतं.

तपासा: माझ्या मेसेजमधून या खुणा काढल्यावर काय उरलं बघा. 'झोपा. टाकी भरून देतील. आम्ही आहोत.' म्हणजे कामाचं काहीच नव्हतं. तुमच्याही मेसेजमध्ये असं काही उरलं नाही तर घाबरू नका, टोमण्याचं असंच असतं. टप्पा २ आणि ३ मध्ये जे जमवलंय त्यातून नवा मेसेज बांधायचा.

## टप्पा ५: सरळ मेसेज बांधा

क्रम असा: काय झालं, त्यानं काय अडतंय, काय हवंय, कधीपर्यंत. चार वाक्यं बास.

पहिल्या वाक्यासाठी मराठीनं एक फार सोयीचं क्रियापद दिलंय: 'राहणं'. 'तू टाकी भरली नाहीस' असं लिहिलं की पहिल्याच शब्दाला बोट दाखवलं जातं. 'टाकी भरायची राहिली' असं लिहिलं की गोष्ट तीच, पण कुणी केलं नाही हा मुद्दा वाक्यात नाही. तो समोरच्याला माहीतच असतो. भांडी घासायची राहिली, बिल भरायचं राहिलं, गेटला कुलूप लावायचं राहिलं, सगळीकडं चालतं.

थांबा: 'राहिली' फक्त झालेल्या गोष्टीला. मागणं लिहिताना करणारा स्पष्ट हवा. 'टँकर सांगायचा राहिला आहे, बघायला हवं' असं लिहिलंत तर तिघंही बघत बसतात आणि टँकर येत नाही.

आता हे बांधताना मी स्वतः कसकसा चुकलो असतो ते बघा, कारण बहुतेकांचं इथंच बिघडतं.

> सर्वांना सूचित करण्यात येते की आज टाकीत पाणी नाही. संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी.

यात टोमण्याचा शब्द एकही नाही, तरी हा टोमणाच आहे. पहिल्या खुणेतला उसना मान इथं उसन्या सरकारी भाषेत आला. 'संबंधित' म्हणजे कोण?

> सॉरी यार, राग मानू नको हां, मी सहजच बोलतोय, तुझी पण धावपळ असते मला माहितीये, पण ते पाण्याचं जरा बघितलं असतं तर बरं झालं असतं, जाऊ दे, टेन्शन नको घेऊ.

हा भित्रा मेसेज. वाचणाऱ्याला दोनच गोष्टी कळतात: हा चिडलाय, आणि चिडलोय हे कबूल करत नाहीये. काय करायचं ते कुठंच नाही. 'असतं तर बरं झालं असतं' हे वाक्य तर नेहमी होऊन गेलेल्या गोष्टीवर जातं, आणि होऊन गेलेली गोष्ट कुणी दुरुस्त करू शकत नाही.

> टाकी भरायची राहिली. आज टँकर लागेल, माणशी २०० रुपये. सहाच्या आत हो-नाही सांग. तुला वेळ मिळाला तर.

पहिली तीन वाक्यं उत्तम. चौथं शेपूट. 'तुला वेळ मिळाला तर', 'जमलं तर बघ', 'बाकी तुझी मर्जी', 'मी काय सांगणार'. हे लिहिताना आपल्याला मोकळीक दिल्यासारखं वाटतं, वाचणाऱ्याला मात्र शेवटचं वाक्यच लक्षात राहतं. लिहून झालं की सवयीनं शेवटचं वाक्य झाकून वाचा. मेसेज पूर्ण वाटला तर ते वाक्य काढून टाका.

शेवटी मला पाठवायला हवा होता तो मेसेज असा, एकट्यालाच:

> काल रात्री नळाला पाणी आलं होतं, पण आपली टाकी भरायची राहिली. आत्ता तळाला चार बोटं पाणी आहे, बादलीनं काढलं तर आज दुपारपर्यंत पुरेल. मी संध्याकाळी टँकर सांगतो, ६०० रुपये होतील, माणशी २००. तुझं हो असेल तर सहाच्या आत कळव.

'चार बोटं' हे टाकीत डोकावल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणूनच टप्पा २ आधी. 'मी सांगतो' यात कोण करणार ते आहे. 'का नाही भरली' हे विचारलेलंच नाही, आणि तरी त्यानं आपण होऊन सांगितलं असतं अशी माझी खात्री आहे, कारण 'राहिली' हा शब्द वाचल्यावर माणूस कारण सांगायला मोकळा होतो.

## टप्पा ६: पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा

स्वतःच्या नव्हे, त्याच्या आवाजात वाचा. तोच मेसेज त्यानं तुम्हाला पाठवला असता तर कोणत्या शब्दाला भुवई वर गेली असती? तो शब्द बदला. दुसऱ्यांदा वाचायची गरज नाही. चार-पाच वेळा घासलेला मेसेज पुन्हा नोटिशीकडं जातो.

वेळही बघा. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला सकाळी सातचा मेसेज उठल्या उठल्या दिसतो, आणि डोळे चोळत वाचलेलं कुठलंही वाक्य दुप्पट कडक लागतं. काम दुपारपर्यंत थांबत असेल तर थांबा. पार्टनर शेजारच्या खोलीत जागाच असेल तर मेसेज कशाला, दार वाजवा. हीच चार वाक्यं तोंडानं म्हणा.

## टप्पा ७: उत्तर तिरकं आलं तर

सरळ मेसेजलाही कधी 'बरं मालक, जशी आज्ञा' असं उत्तर येतं. विशेषतः तुमच्या आधीच्या टोमण्यांची त्याला सवय असेल तर. तिथं 'मी सरळ बोलतोय, तू कशाला टोमणे मारतोस' हे लिहिलं की दुसरंच भांडण सुरू होतं, बोलण्याच्या पद्धतीवरचं, आणि टाकी कोरडीच राहते. सूर सोडा, मजकूर धरा. 'जशी आज्ञा' यातला मजकूर 'हो' आहे. म्हणून उत्तर: 'मग सांगतो टँकर. सातपर्यंत येईल.'

उत्तरच आलं नाही तर वेळ झाल्यावर एकदा फोन करा. दुसरा मेसेज नको. दुसऱ्या मेसेजमध्ये 'वाचलंस ना?' येतंच, आणि त्या 'ना' मध्ये पुन्हा सगळं येतं.

महिनोन् महिने भाड्याचा वाटा न देणारा किंवा अंगावर धावून येणारा पार्टनर असेल तर यातलं काही लागू नाही. तिथं शब्दांचा प्रश्नच नाही, घरमालकाला मध्ये घ्यायचं किंवा खोली बदलायची.

## टोमणा आधीच गेला असेल तर

व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटं मेसेज बदलता येतो, पण बदलल्याची नोंद त्याखाली दिसते. पुसला तर पुसल्याची खूणही तिथं राहते, आणि काय पुसलं असेल या विचारानं समोरचा जास्त चिडतो. त्यानं वाचला नसेल तर बदला. वाचला असेल तर हात लावू नका, खाली नवा लिहा.

त्या नव्या मेसेजमध्ये 'मस्करी केली रे' लिहू नका. मस्करी नव्हती हे दोघांनाही माहीत आहे, आणि वर 'तुला मस्करी कळत नाही' असा दुसरा ठपका बसतो. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हेही नको, त्यातला 'तर' सगळं परत घेतो.

मी बाराव्या दिवशी लिहिलं ते हे. बाराव्या दिवशी, कारण आदल्या रात्री खालच्या काकूंनी बोलता बोलता लाईटचं सांगितलं:

> त्या दिवशीचा माझा मेसेज खोचक होता, आणि मी न विचारता लिहिला. लाईट नव्हती हे मला काल कळलं. टँकरचे तुझे २०० मी देतो. पुढच्या पाण्याला चारला मी उठतो, तू पण येतोस का?

उत्तर तासाभरानं आलं: 'येतो. टॉर्च घेऊन ठेव.'